बाणाचं टोक कोणाकडे?

आर्किशुरन्स नावाची विमा कंपनी जगात कुठेही नाही. तिची पॉलिसी कोणी काढलेली नाही, तिचा हप्ता कोणी भरलेला नाही. तरीही मोठ्या कंपन्यांच्या संगणकप्रणालींचे आराखडे काढणाऱ्या अनेकांना तिच्या कारभाराची खडान् खडा माहिती असते. आर्किमेट ही चित्रभाषा शिकायला बसलं, की उदाहरणादाखल समोर येते ती हीच कागदी कंपनी. तिची कहाणी मात्र कागदी वाटत नाही. बँका किंवा विमा कंपन्या एकत्र झाल्यानंतर आत काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना ती फारच ओळखीची वाटते.

तीन कंपन्या एकत्र झाल्या. घराचा आणि प्रवासाचा विमा उतरवणारी ‘होम अँड अवे’, गाड्यांच्या विम्यातली ‘प्रो-फिट’ आणि कोर्टकचेरीच्या खर्चाचा विमा देणारी ‘लीगली युअर्स’. या तिसऱ्या प्रकारचा विमा आपल्याकडे फारसा दिसत नाही, नेदरलँड्ससारख्या देशांत तो सर्रास घेतला जातो. ग्राहकाशी बोलणारी दर्शनी बाजू पहिल्याच टप्प्यात एक झाली. मागची तीन कार्यालयं मात्र होती तशीच राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या संगणकप्रणालीही. होम अँड अवेकडे पॉलिसी सांभाळायला एक प्रणाली आणि पैशांच्या व्यवहाराला दुसरी. गाडी विभागाकडे सगळं काही एकाच ‘कार इन्शुरन्स अ‍ॅप्लिकेशन’मध्ये. कायदा विभागाची मागच्या कामांची प्रणाली वेगळी, आणि ग्राहकांची माहिती ठेवणारी सीआरएम प्रणालीही स्वतःची. शिवाय सगळ्यांसाठी एक सामायिक सीआरएम, कॉल सेंटरचं सॉफ्टवेअर, वेब पोर्टल आणि कागदपत्रं जपणारी आणखी एक प्रणाली. एवढ्याशा उदाहरणात नऊ नावं झाली. खऱ्या कंपनीत हा आकडा सहज काहीशेवर जातो.

आता अशा कंपनीत ‘दोनातली एक सीआरएम बंद करू या का?’ असा साधा प्रश्न विचारून पाहावा. क्लेम विभागाचा प्रमुख आपल्या टेबलावर येणाऱ्या कामाच्या क्रमाने विचार करतो. फोन येतो, नोंद होते, तपासणी होते, पैसे जातात. आयटीतला माणूस सर्व्हर, डेटाबेस आणि रात्री चालणाऱ्या फाइलींच्या देवाणघेवाणीच्या हिशेबाने विचार करतो. दोघेही फळ्यावर चौकटी काढतात, चौकटींमध्ये रेघा ओढतात आणि मान डोलावतात. घोळ असा, की क्लेम प्रमुखाच्या डोक्यात ती रेघ म्हणजे ‘यानंतर हे काम’ असते, तर आयटीवाल्याच्या डोक्यात ‘ही प्रणाली तिला माहिती पाठवते’. चित्र एकच, वाचन दोन. आणि मतभेद झालाय हे कळतं कधी, तर सीआरएम बंद झाल्यावर.

हा घोळ मिटवण्यासाठी नेदरलँड्समध्ये 2002 ते 2004 या काळात आर्किमेट घडवली गेली. टेलिमॅटिका इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत मार्क लँकहॉर्स्ट यांच्या नेतृत्वाखाली काम झालं. विद्यापीठं, सल्लागार कंपन्या आणि ज्यांना या पसाऱ्याचा रोज त्रास होत होता अशा संस्था त्यात होत्या. एबीएन आमरो ही बँक, एबीपी हा पेन्शन फंड, तिथलं कर खातं. 2008मध्ये भाषेची मालकी द ओपन ग्रुप या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेली आणि पुढच्या वर्षी पहिलं प्रमाणित रूप प्रसिद्ध झालं. 2016च्या तिसऱ्या आवृत्तीत बरीच साफसफाई झाली, आणि 2022मध्ये 3.2 ही आवृत्ती आली. हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून युरोपातल्या बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या प्रणाली सांभाळणाऱ्या मराठी अभियंत्यांच्या हातात ही चित्रं पडतात ती या वाटेने.

भाषेची बांधणी व्याकरणावर बेतलेली आहे, आणि तसं प्रमाणग्रंथातच म्हटलं आहे. काही चौकटी कर्त्याच्या, काही क्रियेच्या, काही कर्माच्या. कोण करतं, काय करतं, कशावर करतं. अ‍ॅप्लिकेशनच्या पातळीवर कर्ता म्हणजे प्रणाली, क्रिया म्हणजे तिचं काम किंवा ती देत असलेली सेवा, आणि कर्म म्हणजे ज्या माहितीवर ते काम होतं ती, उदाहरणार्थ ग्राहकाची नोंद. चौकटीचे कोपरे टोकदार असतील तर ती वस्तू किंवा कर्ता, गोलसर असतील तर ती क्रिया. हेच तीन प्रकार वर माणसांच्या कामकाजाला आणि खाली सर्व्हर-डेटाबेसना लागू होतात. वरचा थर पिवळा, मधला निळा, खालचा हिरवा रंगवायची पद्धत आहे. मात्र ती पद्धतच आहे. प्रमाणग्रंथ रंगांना कुठलाही अर्थ देत नाही. काळ्या-पांढऱ्या छपाईतही चित्र तेवढंच वाचता आलं पाहिजे, आणि रंगांवरून बैठकीत अर्धा तास वाद घालणाऱ्यांना हे सांगण्यात हशील आहे.

चौकटींचे प्रकार साठच्या आसपास भरतात, आणि नवखा माणूस तिथेच दबकतो. पण संगणकप्रणालींचा पसारा दाखवायला त्यातले पाच-सहा पुरतात. खरी मेख चौकटींत नाहीच, ती रेघांत आहे.

आर्किमेटमध्ये रेघांचे अकरा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे. त्यातल्या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते, त्यामुळे त्यांच्यापाशी जरा थांबायला हवं. होम अँड अवेचा ग्राहक वेब पोर्टलवर जातो आणि आपली पॉलिसी बघतो. पोर्टलकडे स्वतःची माहिती नसते. ते मागच्या पॉलिसी प्रणालीला विचारतं आणि आलेलं उत्तर पडद्यावर दाखवतं. एवढ्या एका घटनेसाठी बाण कुठून कुठे काढायचा?

प्रोग्रामर म्हणेल, पोर्टलकडून पॉलिसी प्रणालीकडे, कारण हाक पोर्टल मारतं. त्याच्या रोजच्या आकृत्यांत बाण तसेच असतात, हाक मारणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे. आर्किमेटमधला ‘सर्व्हिंग’ नावाचा बाण नेमका उलटा आहे. तो सेवा देणाऱ्याकडून सेवा घेणाऱ्याकडे जातो, म्हणजे टोक पोर्टलकडे. अखंड रेघ, टोकाला उघडं बाणाग्र. वाक्य असं वाचायचं: पॉलिसी प्रणाली पोर्टलच्या उपयोगी पडते. हाक कोणी मारली, याच्याशी या बाणाला कर्तव्य नाही.

दुसरा बाण ‘फ्लो’. तुटक रेघ, भरलेलं टोक. माहिती कुठून कुठे वाहते एवढंच तो सांगतो. पॉलिसीचा तपशील पॉलिसी प्रणालीकडून पोर्टलकडे येतो, म्हणजे टोक पुन्हा पोर्टलकडे. पण त्याच ग्राहकाने पोर्टलवर क्लेमचा अर्ज भरला तर ती माहिती उलट दिशेने जाते आणि फ्लोचं टोक पॉलिसी प्रणालीकडे वळतं. सर्व्हिंगचा बाण मात्र जागचा हलत नाही, कारण उपयोगी कोण पडतं आणि कोणाच्या, हे बदललेलं नाही.

म्हणजे त्याच दोन चौकटींमध्ये तीन बाण बरोबर असू शकतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे. साध्या रेघेने काढलेल्या चित्रात हे तिन्ही एकमेकांत मिसळून जातात. फरक पडतो तो निर्णयाच्या वेळी. पॉलिसी प्रणाली रविवारी चार तास बंद ठेवायची असेल तर सर्व्हिंगच्या बाणांमागून टोकाच्या दिशेने चालत जावं. वाटेत लागेल त्या प्रत्येकाचं काम अडणार आहे. पोर्टल अडेल, कॉल सेंटर अडेल, त्यांच्यावर विसंबलेली कामं अडतील. ग्राहकाच्या पत्त्यात चूक सापडली आणि ती कुठवर पसरली असेल हे शोधायचं असेल, तर फ्लोच्या बाणांमागून चालावं. एका प्रश्नाला एक प्रकारचा बाण. दोन्ही प्रकार एकाच चित्रात कोंबले तर वाचणाऱ्याला कोणामागून जायचं हेच कळेनासं होतं.

2016च्या आधी या सर्व्हिंगला ‘यूज्ड बाय’ म्हणत. नाव बदललं, दिशा तीच राहिली. तरीही प्रोग्रामिंगच्या बाजूने आलेली माणसं पहिले काही महिने हा बाण उलटा काढतातच. ओळखायची खूण सोपी आहे. बाण मोठ्याने वाक्य म्हणून वाचावा. ‘वेब पोर्टल डेटाबेसच्या उपयोगी पडतं’ असं वाक्य तोंडातून बाहेर पडलं, की पुढे काही समजावायची गरज उरत नाही.

आता बिझनेसवाले आणि आयटीवाले प्रत्यक्ष भेटतात कुठे? आर्किमेटच्या मधल्या थरात एक गोलसर चौकट आहे, ‘अ‍ॅप्लिकेशन सर्व्हिस’. प्रणाली बाहेरच्या जगाला जे करून देते ते तिचं नाव. पुस्तकांतून अनेकदा छापलेल्या आर्किशुरन्सच्या चित्रात नुकसानीचा क्लेम चार पावलांत निकाली निघतो: नोंदणी, स्वीकार, मूल्यांकन, भरणा. ही चार पावलं पिवळ्या थरात. त्यांच्याखाली निळ्या गोलसर चौकटी, ग्राहकांची माहिती देणारी सेवा, क्लेमची नोंद ठेवणारी सेवा, पैसे देणारी सेवा. सेवेकडून पावलाकडे सर्व्हिंगचा बाण. आणि या सेवांच्याही खाली प्रत्यक्ष प्रणाली, ज्यांच्याकडून सेवेकडे ‘रिअलायझेशन’ची रेघ जाते. तुटक रेघ, टोकाला पोकळ त्रिकोण. वाचायचं असं: ही प्रणाली ही सेवा प्रत्यक्षात आणते. त्याच्याही खाली मेनफ्रेम, डेटाबेस वगैरे हिरवा थर.

क्लेम विभागातल्या माणसाला प्रणालीचं उत्पादनी नाव माहीत असेलच असं नाही. त्याला ‘क्लेम नोंदवता येणं’ माहीत असतं. आयटीवाल्याला क्लेमची चार पावलं तपशिलात माहीत नसतात, पण कुठलं सॉफ्टवेअर काय करतं ते ठाऊक असतं. सेवेचं नाव दोघांनाही कळणारं असलं पाहिजे, आणि ते दोघांनी मिळूनच ठरवावं लागतं. या नावावर खर्च केलेला वेळ सगळ्यात कामी येतो. सेवेच्या नावात सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचं नाव आलं, आवृत्तीचा आकडा आला किंवा नुसतंच ‘कस्टमर एपीआय’ आलं, तर समजावं की आयटीवाल्यांनी एकट्यानेच बसून ते लिहिलंय. ‘क्लेम विभागाची सगळी मदत’ असं आलं तर दुसऱ्या बाजूने एकट्याने लिहिलंय. ‘ग्राहकाची नोंद शोधणं आणि बदलणं’ हे नाव दोघांनाही चालतं.

या मधल्या चौकटीचा उपयोग कळतो प्रणाली बदलताना. आर्किशुरन्सच्या पुढच्या योजनेत तिन्ही विभागांच्या मागच्या प्रणाली जाऊन त्यांच्या जागी एकच एकत्रित बॅक ऑफिस सूट यायचं आहे आणि सीआरएमही एकच राहायची आहे. चित्रात पिवळी पावलं तशीच राहतात, निळ्या सेवाही तशाच, बदलतात त्या फक्त खालच्या चौकटी. क्लेम प्रमुखाने तपासायचं एवढंच: नवी चौकट या सगळ्या सेवा देणार आहे का? ज्या सेवेखाली रेघ उरली नाही तिथे बोट ठेवता येतं.

सेवा दाखवायच्या म्हटल्या की चौकटी दुप्पट होतात, हे खरं. म्हणून भाषेत एक सोय आहे. प्रणाली सेवा प्रत्यक्षात आणते आणि सेवा पावलाच्या उपयोगी पडते, तर मधली चौकट गाळून प्रणालीकडून थेट पावलाकडे सर्व्हिंगचा बाण काढायला नियमांची परवानगी आहे. साखळीवरून असा आखूड संबंध काढण्याचे नियम प्रमाणग्रंथात दिलेले आहेत. वरिष्ठांसाठीचं चित्र आखूड, काम करणाऱ्यांसाठीचं लांब, आणि दोन्ही एकमेकांशी विसंगत नाहीत.

हे जमतं ते एका कारणाने. आर्किमेटमध्ये चित्र आणि मॉडेल वेगळं असतं. मॉडेल म्हणजे चौकटी आणि रेघांचा एकच साठा. चित्र म्हणजे त्या साठ्याकडे एका प्रश्नाच्या अंगाने पाहिलेला तुकडा. पॉवरपॉइंटमध्ये सीआरएमची चौकट पाच स्लाइडवर असेल तर त्या पाच चौकटी असतात, एकीचं नाव बदललं तर उरलेल्या चार जुन्याच राहतात. इथे पाच चित्रांत दिसणारी सीआरएम एकच असते. यासाठी आर्की नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते ब्रिटनमधल्या बोल्टन विद्यापीठात फिल बोव्हॉयर यांनी घडवलं आणि 2010मध्ये पहिल्यांदा बाहेर पडलं. विकतची मोठी साधनंही आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

आर्कीत काम करताना एक धोका मात्र लक्षात ठेवावा लागतो. चौकट चित्रातून काढणं आणि मॉडेलमधून काढणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीने ती फक्त या चित्रातून जाते. दुसरीने ती साठ्यातूनच पुसली जाते आणि तिच्या सगळ्या रेघांसकट उरलेल्या प्रत्येक चित्रातूनही नाहीशी होते. उलट चूक आणखी जास्त वेळा घडते. नवं चित्र काढताना डावीकडच्या यादीतली जुनी सीआरएम ओढून आणायच्या ऐवजी माणूस नवी चौकट तयार करतो आणि तिला ‘सीआरएम सिस्टीम’ असं नाव देतो. कोणी तिसराच ‘ग्राहक सीआरएम’ लिहितो. मॉडेलच्या लेखी या तीन प्रणाली होतात. आर्कीतली तपासणीची खिडकी उघडली तर कुठल्याच चित्रात न वापरलेल्या आणि संशयास्पद दुहेरी चौकटींची यादी मिळते, पण नावं वेगळी असतील तर यंत्राला संशय येत नाही. तिथे माणसानेच यादी वरून खाली वाचायची.

नऊ प्रणालींचा सगळा पसारा एका नजरेत दाखवायला बाण नसलेलं एक चित्र उपयोगी पडतं. आर्किमेटच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याला ‘लँडस्केप मॅप’ म्हणून वेगळं स्थान होतं. तक्ता मांडायचा. आडव्या ओळींत कंपनीची कामं: ग्राहकांशी संबंध, करार करणं, क्लेम, पैशांचे व्यवहार, कागदपत्रं. उभ्या रकान्यांत विकायच्या गोष्टी: घर, प्रवास, वाहन, कायदेशीर मदत वगैरे. आणि त्या तक्त्यावर प्रत्येक प्रणाली तिच्या व्याप्तीएवढी पसरायची.

आर्किशुरन्सचा असा नकाशा पाहिला तर फारसं समजावावं लागत नाही. वर वेब पोर्टल आणि कॉल सेंटर या आडव्या पट्ट्या सगळ्या रकान्यांवरून जातात. खाली कागदपत्रांची प्रणाली तशीच आडवी. मध्ये मात्र उभे खांब. वाहनाच्या रकान्यात करारापासून पैशांपर्यंत एकच लांब चौकट, कायदेशीर मदतीच्या रकान्यात दुसरी, घर आणि प्रवासाखाली होम अँड अवेच्या दोन. विलीनीकरण कागदावर झालंय, आत तीन कंपन्या अजून शेजारी शेजारी उभ्या आहेत, हे तक्ता सांगतो. आणि ग्राहकसंबंधांच्या ओळीत सामायिक सीआरएमची पट्टी शेवटच्या रकान्यापाशी येऊन तुटते, तिथे कायदा विभागाची स्वतःची सीआरएम बसलेली असते.

ती चौकट पाहून कोणीही म्हणेल, ही काढा. नकाशाचा धोका इथे आहे. तो काय कुठे आहे ते सांगतो, काय कशावर विसंबून आहे ते सांगत नाही. म्हणून पुढची पायरी म्हणजे कायदा विभागाची सीआरएम मध्ये ठेवून फक्त तिच्या भोवतीच्या रेघा दाखवणारं छोटं चित्र. समजा, आयटीच्या माहितीप्रमाणे तीन रेघा निघाल्या. ग्राहकाच्या चौकशीला उत्तर देण्याच्या कामाकडे सर्व्हिंगचा बाण, कायदा विभागाच्या मागच्या प्रणालीकडे पत्त्यांचा फ्लो, कागदपत्रांच्या प्रणालीकडे पत्रांचा फ्लो. तिन्ही गोष्टी सामायिक सीआरएमला जमतात. मग हे चित्र कायदा विभागात रोज क्लेम पाहणाऱ्या बाईंसमोर ठेवावं आणि एकच विचारावं: ही चौकट दुपारी बारा वाजता बंद पडली तर तुमचं काय अडेल? त्या कदाचित चौथी रेघ सांगतील, जी कोणाच्याच यादीत नव्हती. क्लेम स्वीकारण्याआधी विरुद्ध बाजूचा पक्षकार हाही आपलाच ग्राहक आहे का, हे तपासावं लागतं. नाहीतर एकाच भांडणात दोन्ही बाजूंचा खर्च कंपनीच उचलत बसेल आणि हितसंबंधांचा पेच वेगळाच. ती तपासणी याच सीआरएमच्या शेऱ्यांच्या रकान्यात होते. म्हणजे ‘क्लेम स्वीकारणं’ या पावलाकडे एक सर्व्हिंगचा बाण हवा होता. सामायिक सीआरएममध्ये विरुद्ध पक्षकार नोंदवायची जागाच नसेल, तर स्थलांतराच्या कामात आणखी एक काम वाढलं. ते आधी कळलं हे महत्त्वाचं, कारण नंतर कळलं असतं तर माहिती पुसून झाल्यावर.

दोन बाजू खरंच सारखं वाचतायत की नाही याची परीक्षाही याच धर्तीची घेता येते. चित्र दोघांना वेगवेगळं द्यावं, शेजारी बसवू नये. प्रत्येकाला त्यातले पाच-सहा बाण वाक्यं म्हणून बोलायला लावावेत आणि ‘हे बंद पडलं तर कोण अडेल’ हे विचारावं. उत्तरं ताडून पाहावीत. उत्तरं जुळली नाहीत तर चूक वाचणाऱ्याची समजू नये, बहुतेक वेळा बाणाचा प्रकार चुकलेला असतो किंवा सेवेचं नाव धूसर असतं. सगळ्यांनी एकत्र बसून ‘छान आहे’ म्हटलेल्या बैठकीतून यातलं काहीच कळत नाही.

एक्सेलच्या फाइलींचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. आयटीच्या यादीत त्या नसतात, कारण आयटीने त्या बनवलेल्या नसतात. क्लेम विभाग मात्र त्यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही. आर्किमेटच्या व्याख्येत अ‍ॅप्लिकेशन कॉम्पोनंट म्हणजे अशी चीज, जी सुटी करता येते आणि जिच्या जागी दुसरी बसवता येते. याच कसोटीवर निर्णय घ्यावा. जी फाइल नुसती यादी आहे ती माहितीची चौकट. जिच्यात सूत्रं भरलेली आहेत, जिच्यातून नुकसानीची रक्कम ठरते आणि जी उद्या गेली तर तिच्या जागी काहीतरी आणावंच लागेल, ती प्रणाली म्हणून नकाशावर यायला हवी. मग तिचा मालक म्हणून कोणाचं नाव लिहायचं यावर बैठकीत शांतता पसरते ते वेगळं. याच कसोटीने दुसरा वादही सुटतो. एकाच सॉफ्टवेअरच्या दोन विभागांत दोन वेगळ्या स्थापना आहेत, तर चौकट एक की दोन? एक बंद करून दुसरी चालू ठेवता येत असेल तर दोन.

ही भाषा काय दाखवत नाही हेही माहीत असलेलं बरं. किती वेळात काम होतं, महिन्याला किती क्लेम येतात, पडद्यावर काय दिसतं, प्रोग्राम आतून कसा लिहिलाय, यातलं काही चित्रातून कळत नाही. कामाचा बारीक क्रम दाखवायला बीपीएमएन आहे, प्रोग्रामच्या आतल्या रचनेला यूएमएल. चौकटीला मालकाचं नाव, वार्षिक खर्च, सॉफ्टवेअरला कंपनीचा आधार कधीपर्यंत मिळणार ती तारीख असे गुणधर्म जोडता येतात. पण त्या जागा भरणारं आणि भरलेलं ताजं ठेवणारं कोणी हवं. जुनं झालेलं मॉडेल कुठल्या बाजूने कुजतं तेही ठरलेलं असतं. नव्या प्रणाली त्यात येतात, कारण नव्या कामाला मंजुरी घेताना चित्र मागितलं जातं. बंद झालेल्या मात्र निघत नाहीत, कारण काहीतरी बंद करताना चित्र कोणी मागत नाही. तपासायचं असेल तर मॉडेलमधल्या प्रणालींची यादी काढून सॉफ्टवेअरच्या परवान्यांची चालू बिलं शेजारी ठेवावीत. बिल नसलेल्या चौकटी आणि चौकट नसलेली बिलं, दोन्ही निघतात.

खुद्द नेदरलँड्समध्ये ही भाषा विमा कंपन्यांपुरती राहिलेली नाही. तिथल्या नगरपालिकांसाठी ‘गेमा’ नावाचा एक संदर्भ-आराखडा आहे. नगरपालिकांच्या संघटनेची संस्था तो सांभाळते आणि तो आर्किमेटमध्ये मांडलेला आहे. नगरपालिकेला कुठल्या प्रकारच्या प्रणाली लागतात, हे त्यात कुठल्याही विक्रेत्याचं नाव न घेता ठरवलेलं आहे. त्याच्या जोडीला एक सॉफ्टवेअर कॅटलॉग आहे. प्रत्येक नगरपालिका आपण विकत घेतलेलं सॉफ्टवेअर त्या ठरलेल्या जागांवर नोंदवते आणि त्यातून तिच्या प्रणालींचा नकाशा तयार होतो. कुठल्या जागी दोन सॉफ्टवेअर बसलीत आणि कुठली जागा रिकामी आहे हे तिथे दिसतं. शेजारची नगरपालिका तेच काम कुठल्या सॉफ्टवेअरवर करते, हेही पाहता येतं.

तिथे याचा उपयोग एका खास कारणाने होतो. नेदरलँड्समध्ये नगरपालिका सतत एकमेकींत विलीन होत आल्या आहेत. 2010मध्ये त्या 431 होत्या, 2023मध्ये 342 उरल्या. दोन नगरपालिका एक झाल्या की आर्किशुरन्सचीच गोष्ट पुन्हा घडते. कर गोळा करणारी सॉफ्टवेअर दोन, परवाने देणारी दोन, नागरिकांच्या अर्जांचा माग ठेवणारी दोन. दोघींनी आपापलं सॉफ्टवेअर त्याच ठरलेल्या जागांवर आधीच नोंदवलेलं असेल, तर दोन्ही नकाशे एकावर एक ठेवता येतात आणि बोलणी ‘आमचं सॉफ्टवेअर, तुमचं सॉफ्टवेअर’ इथून सुरू न होता कुठल्या जागेसाठी कुठलं ठेवायचं इथून सुरू होतात. नोंदी मात्र नगरपालिकेतल्या माणसानेच भरायच्या असतात, त्यामुळे ज्या गावाने त्या वेळेवर बदलल्या नाहीत त्या गावाच्या नकाशावर बंद झालेली सॉफ्टवेअरही चालू दिसत राहतात.